गिझरला कसं कळतं, आता पुरे?

बाथरूमच्या भिंतीवर असतो तसा साधा साठवणीचा गिझर घेऊ: १५ लिटरची टाकी आणि २००० वॅटची कॉइल. १५ लिटर पाण्याचं तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला सुमारे ६३ किलोजूल उष्णता लागते. २००० वॅटची कॉइल सेकंदाला २ किलोजूल उष्णता देते. म्हणजे ढोबळमानाने दर ३१ सेकंदांना पाणी एक अंशाने तापतं. हा ३१ सेकंदांचा आकडा लक्षात ठेवा, पुढचं बरंच गणित त्यावरच चालणार आहे.

आता कल्पनेत या गिझरमधला थर्मोस्टॅट काढून टाकू आणि त्याच्या जागी फक्त एक टायमर बसवू. पाणी ६० अंशांपर्यंत तापवायचं आहे आणि नळाचं पाणी २० अंशांचं आहे. चाळीस अंश वाढवायचे, दर अंशाला ३१ सेकंद, म्हणजे साधारण २१ मिनिटं. टायमर २१ मिनिटांवर लावला, बटण दाबलं, वेळ संपल्यावर कॉइल बंद झाली. हिशेब चोख असेल तर पाणी ६० अंशांवर आलेलं असेल.

याला म्हणतात ओपन लूप नियंत्रण. इथे निर्णय आधीच झालेला असतो: २१ मिनिटं वीज द्यायची. पाण्याचं पुढे काय झालं हे टायमरला कोणी विचारत नाही आणि तोही कोणाला विचारत नाही. टाकी रिकामी असली तरी तो २१ मिनिटंच मोजणार, आणि पाणी आधीच कढत असलं तरी २१ मिनिटंच मोजणार. बादलीत हीटिंग रॉड टाकून ‘अर्ध्या तासाने काढ रे’ असं सांगणं हा याच जातीचा प्रकार आहे.

पण ओपन लूपला नुसती नावं ठेवण्यात अर्थ नाही. वरचं गणित बरोबर होतं आणि एखाद्या दिवशी उत्तरही बरोबर येईल. प्रश्न एवढाच आहे की त्या उत्तरात आपण काय काय गृहीत धरलं. नळाचं पाणी २० अंशांचं, विजेचा दाब २३० व्होल्ट, टाकीतलं सगळं पाणी सुरुवातीला गार, आणि मध्ये कोणी नळ उघडणार नाही. यातली एकेक गोष्ट हलवून बघू.

मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी ३० अंशांचं असलं, तर तीच २१ मिनिटं त्याला ७० अंशांवर नेतील. जानेवारीतल्या पहाटे पाणी १५ अंशांचं असेल आणि त्यातच व्होल्टेज २०० पर्यंत उतरलेलं असेल, तर काय? कॉइलची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे व्होल्टेज १३ टक्क्यांनी घटलं की शक्ती जवळजवळ पावपट कमी होऊन १५०० वॅटवर येते. मग एका अंशाला ३१ नाही, ४१-४२ सेकंद लागतात आणि २१ मिनिटांनी पाणी कसंबसं ४५ अंशांवर पोचतं. टायमर तोच, बटण तेच, पण एका सकाळी ७० अंश आणि दुसऱ्या सकाळी ४५.

खरी पंचाईत घरात एकाहून जास्त माणसं असली की होते. पहिल्याने अंघोळीला १० लिटर गरम पाणी घेतलं. गिझरमधून जेवढं गरम पाणी वरून बाहेर जातं, तेवढंच गार पाणी खालून आत येतं. टाकी कायम भरलेलीच असते. म्हणजे आता आत ५ लिटर ६० अंशांचं आणि १० लिटर २० अंशांचं पाणी आहे, सरासरी ३३ अंश. टायमर बंद झालेला आहे, त्याला यातलं काही माहीत नाही. दुसऱ्याने वैतागून पुन्हा २१ मिनिटं लावली, तर पाणी ७३ अंशांवर जाईल. आणि समजा पहिल्याने अंघोळ केलीच नाही, पाणी ६० वर तसंच राहिलं आणि दुसऱ्याने न बघता टायमर फिरवला, तर अजून चाळीस अंश वाढून पाणी थेट उकळीला येईल. ओपन लूपमधली चूक आपोआप भरून निघत नाही. उलट एका चुकीवर दुसरी साचत जाते, कारण आदल्या वेळी काय झालं याची नोंदच कुठे नसते.

आता थर्मोस्टॅट परत बसवू.

साठवणीच्या गिझरमध्ये बऱ्याचदा दांड्याचा थर्मोस्टॅट असतो. पितळेची एक पातळ, लांब नळी आणि तिच्या आत इन्व्हार नावाच्या निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूची काडी. दोन्ही एका टोकाला जोडलेल्या. पितळ तापलं की लांब होतं. इन्व्हार जवळपास होतच नाही, पितळेच्या मानाने त्याचं प्रसरण पंधरा-सोळा पटींनी कमी असतं. पाणी तापलं की नळी वाढते, काडी तेवढीच राहते आणि त्यामुळे काडीचं मोकळं टोक आत ओढलं जातं. २५ सेंटीमीटरच्या दांड्यात दहा अंशांना हा फरक जेमतेम ०.०४५ मिलिमीटर पडतो, म्हणजे वहीच्या कागदाच्या निम्म्या जाडीएवढा. एवढ्याशा हालचालीवर एक स्प्रिंगची पट्टी ‘टक’ करून उलटते आणि कॉइलचा वीजपुरवठा तुटतो. गिझरची गोल कळ फिरवतो तेव्हा आपण ही पट्टी कुठल्या टप्प्यावर उलटावी ते बदलत असतो.

यात चिप नाही, प्रोग्रॅम नाही, इलेक्ट्रॉनिक असं काहीही नाही. तरीही हे पूर्ण क्लोज्ड लूप नियंत्रण आहे. कॉइल पाणी तापवते, पाणी दांड्याला तापवतं, दांडा स्विच हलवतो, स्विच कॉइलला थांबवतो. साखळीचं शेवटचं टोक पहिल्याला येऊन मिळालं. परिणाम मोजला जातो आणि त्या मोजमापावरून पुढचा निर्णय ठरतो, हाच तो फीडबॅक. ‘स्मार्ट’ असणं आणि क्लोज्ड लूप असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोबाइलवरून वेळ लावता येणारा प्लग कितीही महाग असला तरी पाण्याच्या दृष्टीने तो टायमरच, म्हणजे ओपन लूप. उलट सतराव्या शतकात कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने अंडी उबवण्याची जी भट्टी बनवली होती, तिच्यात तापलेलं अल्कोहोल फुगून पाऱ्याला ढकलायचं आणि पारा भट्टीची झडप लोटून आच कमी करायचा. विजेचा पत्ता नसतानाही लूप बंद झालेला होता.

मघाचे सगळे प्रसंग आता पुन्हा घ्या. नळाचं पाणी ३० अंशांचं असेल तर कॉइल पंधरा-सोळा मिनिटांतच थांबेल. १५ अंशांचं असेल आणि व्होल्टेज पडलेलं असेल, तर तीस-एकतीस मिनिटं चालेल. पहिल्याने १० लिटर वापरलं, तर खालून आलेल्या गार पाण्याने दांडा आकसेल, कॉइल आपोआप सुरू होईल आणि १४ मिनिटांनी ६० अंशांवर थांबेल. व्होल्टेज किती, ऋतू कोणता, कोणी किती पाणी घेतलं, यातलं काहीही थर्मोस्टॅटला माहीत नाही. ते माहीत असण्याची त्याला गरज नाही, हीच तर क्लोज्ड लूपची गंमत आहे. कारण कुठलंही असो, त्याचा परिणाम शेवटी तापमानात दिसतो आणि थर्मोस्टॅट नेमकं तेवढंच बघतो. ओपन लूपमध्ये आपण वेळ ठरवतो आणि तापमान येईल ते येतं. क्लोज्ड लूपमध्ये आपण तापमान ठरवतो आणि वेळ लागेल तो लागतो.

यावरून घराघरांत चालणारा एक समज तपासता येतो. घाई असली की अनेकजण कळ पूर्ण फिरवून ७५ वर नेतात, म्हणजे पाणी लवकर तापेल. तसं होत नाही. हा थर्मोस्टॅट फक्त चालू किंवा बंद एवढंच जाणतो. कळ ५० वर असो वा ७५ वर, चालू असताना कॉइल २००० वॅटच घेते आणि एक अंश वाढायला ३१ सेकंदच लागतात. २० पासून ५० अंशांवर जायला दोन्ही वेळी तीच पंधरा-सोळा मिनिटं. फरक इतकाच की ७५ वर ठेवलेला गिझर पुढेही तापवत राहील. आपण कळीला गॅसच्या शेगडीच्या नॉबसारखं वागवतो. पण शेगडीचा नॉब आच किती द्यायची ते सांगतो आणि गिझरची कळ कुठे थांबायचं ते सांगते.

आता थोडं बारकाईत जाऊ, कारण ‘६० अंशांवर थांबतो’ हे वाक्य तितकंसं खरं नाही. थर्मोस्टॅट ६० ला बंद झाला आणि ५९.९ ला पुन्हा सुरू झाला तर काय होईल? कॉइल दर थोड्या वेळाने चालू-बंद होत राहील. २००० वॅट म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ पावणेनऊ अँपिअर. एवढा प्रवाह तोडताना दर वेळी स्विचच्या टोकांमध्ये बारीकशी ठिणगी उडते आणि टोकं झिजतात. म्हणून थर्मोस्टॅटमध्ये मुद्दाम अंतर ठेवलेलं असतं. बंद होतो ६० ला, पण पुन्हा सुरू होतो त्याच्या काही अंश खाली, समजा ५२ ला. या अंतराला डिफरन्शियल किंवा हिस्टेरेसिस म्हणतात, आणि ते येतं त्या ‘टक’ करून उलटणाऱ्या पट्टीतून. तिला एका बाजूला उलटायला जितकं ढकलावं लागतं, त्याहून बरंच मागे आल्याशिवाय ती परत फिरत नाही.

हे अंतर किती फरक पाडतं ते बघा. समजा भरलेल्या, कोणी न वापरलेल्या टाकीतून बाहेरच्या हवेत सरासरी ३० वॅट उष्णता निसटते आहे. मग ६० वरून ५२ वर यायला पाण्याला साडेचार तासांहून जास्त लागतील, आणि पुन्हा ६० वर न्यायला कॉइलला चार मिनिटं पुरतील. दिवसभरात फार तर पाच वेळा टक. हेच अंतर अर्ध्या अंशाचं असतं, तर दर सतरा-अठरा मिनिटांनी कॉइल पंधरा-वीस सेकंदांपुरती लागली असती: दिवसाला ऐंशीच्या आसपास वेळा. पाण्याचं तापमान जास्त स्थिर राहिलं असतं, पण स्विच लवकर मेला असता. अंघोळीच्या पाण्यात कोणी पाच-सात अंशांचा फरक मोजत बसत नाही, आपण गार पाणी मिसळून तो सहज निभावतो. त्यामुळे ही तडजोड गिझरला अगदी योग्य आहे. प्रयोगशाळेतल्या वॉटर बाथला ती चालली नसती.

त्या ३० वॅटचं बिल दिवसाला पाऊण युनिटच्या आत येतं, महिन्याला एकवीस-बावीस युनिटं. ‘गिझर दिवसभर चालू ठेवला तर पुन्हा तापवायला कमी वीज लागते, म्हणून परवडतो’ हा युक्तिवाद इथे फसतो. टाकी जितका जास्त वेळ गरम, तितकी जास्त उष्णता बाहेर. अंघोळीआधी अर्धा तास स्विच लावणं हेच बरं. आणि गंमत अशी की तसं करताना आपण ओपन लूपच वापरत असतो. ‘सहाला अंघोळ, म्हणून साडेपाचला लाव’ हा निर्णय पाण्याला न विचारता, घड्याळ बघून घेतलेला असतो. थर्मोस्टॅट तो घेऊच शकत नाही, कारण त्याला फक्त घडून गेलेलं कळतं. सहा वाजता कोणी अंघोळीला येणार आहे हे कळत नाही. वरून वेळापत्रक आणि आतून थर्मोस्टॅट, अशी ही जोडी आहे. इथे वेळ चुकली तरी फार बिघडत नाही, कारण तापमानाची मर्यादा आतला लूप सांभाळतो.

क्लोज्ड लूपचा स्वतःचा कमकुवत दुवा मात्र वेगळ्याच ठिकाणी असतो. थर्मोस्टॅट पाण्याचं तापमान बघतो असं आपण म्हणतो, पण खरं म्हणजे तो स्वतःचं तापमान बघतो. पाण्याची ऊब त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. बोअरवेलचं जड पाणी असेल, तर कॉइलवर बसतो तसा क्षारांचा पांढरा थर दांड्याच्या नळीवरही बसतो आणि हा वेळ वाढत जातो. समजा दांडा पाण्याच्या दोन मिनिटं मागे चालतो आहे. दर ३१ सेकंदांना एक अंश या हिशेबाने दोन मिनिटांत पाणी जवळजवळ चार अंश पुढे जातं. म्हणजे दांड्याला ६० वाटतं तेव्हा पाणी ६४ ला असतं. थंड होताना मात्र हीच दिरंगाई जाणवतही नाही, कारण आठ अंश उतरायला साडेचार तास लागतात. तिथे दोन मिनिटांनी काय बिघडणार?

आता तोच सुस्त दांडा ३ लिटरच्या, ३००० वॅटच्या इन्स्टंट गिझरमध्ये बसवला तर? तिथे पाणी थोडं आणि कॉइल मोठी, त्यामुळे एक अंश वाढायला जेमतेम सव्वाचार सेकंद लागतात. दोन मिनिटांची दिरंगाई म्हणजे २८-२९ अंशांची चूक. ६० मागितले तर जवळजवळ नव्वद मिळतील. १५ लिटरच्या टाकीत चालून जाणारा थर्मोस्टॅट इथे धोकादायक ठरतो, जरी तो बिघडलेला नसला तरी. लूप बंद केला म्हणजे काम झालं असं नसतं. मोजणारा किती चपळ हवा, हे ज्याचं मोजमाप करायचं ते किती वेगाने बदलतं त्यावर ठरतं. नियंत्रणशास्त्रातल्या पुष्कळ अवघड गणिताचं मूळ या दोन वेगांच्या शर्यतीत आहे.

याहून वाईट प्रसंग म्हणजे लूप तुटणं. हजारो ठिणग्या सोसून स्विचची टोकं कधीतरी वितळून एकमेकांना चिकटतात. मग दांडा कितीही ओढो, वीज तुटत नाही. बाहेरून बघणाऱ्याला गिझर तसाच दिसतो, कळही फिरते, पण आता तो क्लोज्ड लूप राहिलेला नाही. तो टायमरसुद्धा नसलेला ओपन लूप झाला आहे. ६० वरून १०० वर जायला आपल्या ३१ सेकंदांच्या हिशेबाने २१ मिनिटं पुरतात.

हे ओळखायची खूण सोपी आहे. कॉइल सुरू असल्याचा लाल दिवा पाणी न वापरता अर्धा-पाऊण तास झाला तरी विझत नसेल, टाकीतून उकळल्याचा आवाज येत असेल किंवा नळातून पाण्याबरोबर वाफ फुसफुसत असेल, तर स्विच चिकटल्याचा संशय घ्यावा. आधी नळ उघडून बघण्यापेक्षा मेन स्विच बंद करावा. उलट तक्रार, म्हणजे दिवा लागलेला आहे पण पाणी तापत नाही, ही बहुतेक वेळा कॉइल जळाल्याची असते. तिथे लूपचा दोष नाही. थर्मोस्टॅट बिचारा ‘गार आहे, तापव’ म्हणतोच आहे, पण तापवणारं कोणी उरलेलं नाही.

टोकं चिकटतील हे गिझर बनवणाऱ्यांना माहीत असतं, म्हणून थर्मोस्टॅटच्या मागे एक वेगळा थर्मल कटआउट असतो. तोही तापमान बघतो, पण साधारण नव्वद अंशांच्या आसपास पोचेपर्यंत गप्प असतो आणि तिथे पोचला की वीज तोडतो. बऱ्याच गिझरमध्ये पाणी गार झालं तरी तो आपणहून परत जोडत नाही. आतलं छोटं बटण हाताने दाबावं लागतं. हे मुद्दाम केलेलं आहे. तो आपोआप जोडला गेला असता, तर थर्मोस्टॅट बिघडल्यावर हा कटआउटच थर्मोस्टॅटचं काम करू लागला असता आणि गिझर नव्वद अंशांवर महिनोन्‌महिने बिनबोभाट चालला असता, कोणाला पत्ता न लागता. त्यालाही काही झालं तर शेवटी प्रेशर व्हॉल्व्ह असतो, जो तापमान न बघता टाकीतला दाब बघतो.

म्हणून इलेक्ट्रिशियनने झाकण उघडून बटण दाबलं, ‘ट्रिप झाला होता, आता चालू झाला’ असं सांगितलं आणि तो निघाला, तर त्याला थांबवून थर्मोस्टॅट तपासायला सांगा. कळ मधोमध ठेवून गिझर लावा आणि दिवा आपोआप विझतो का ते घड्याळ लावून बघा. १५ लिटरच्या टाकीत तो वीस-पंचवीस मिनिटांत विझायला हवा, कडक थंडीत किंवा व्होल्टेज पडलेलं असेल तर अर्ध्या तासात. विझला नाही तर बदलायचा आहे तो थर्मोस्टॅट. कटआउटने त्याचं काम केलेलं आहे.